फ्लशची टाकी थांबत नाही किंवा भरायला फार वेळ घेते: फ्लोट आणि बॉलकॉकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सात मजली सोसायटीत पाण्याच्या तक्रारी बरीच वर्षं माझ्याकडे येतात. त्यातल्या निम्म्याअधिक फ्लशच्या टाकीच्या असतात. बॉलकॉक म्हणजे टाकीत पाणी सोडणारा आणि टाकी भरली की बंद होणारा नळ, आणि फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगून तो नळ बंद करणारा गोळा किंवा डबा. लोक बहुतेक वेळा आधी नवा बॉलकॉक विकत आणतात आणि मग मला विचारतात. खरं तर दहा मिनिटांच्या तपासणीत दोष फ्लोटचा आहे, बॉलकॉकच्या आत पाणी अडवणाऱ्या रबरी चकतीचा, म्हणजे वायसरचा आहे, की टाकीच्या तळाचा, हे कळतं. पुष्कळदा काही विकत आणावंच लागत नाही. इथे मी भिंतीवर दिसणाऱ्या प्लास्टिकच्या किंवा कमोडला जोडलेल्या सिरॅमिक टाकीबद्दल लिहितो आहे. भिंतीत गाडलेल्या टाकीबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

पॉटमध्ये सतत पाणी वाहतंय. बॉलकॉक बदलू का?

थांबा. पॉटमध्ये पाणी येण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिल्या प्रकारात बॉलकॉक बंद होत नाही, पाणी चढत जातं आणि टाकीतल्या उभ्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडावरून आत उतरून पॉटमध्ये जातं. दुसऱ्या प्रकारात बॉलकॉक ठणठणीत असतो, पण टाकीच्या तळाशी फ्लश वाल्वखालचं रबर नीट बसत नाही. तिथून पाणी झिरपतं, पातळी खाली जाते, फ्लोट उतरतो आणि बॉलकॉक पुन्हा उघडतो. कुणी फ्लश न करताच रात्री टाकी अचानक अर्धा मिनिट भरल्याचा आवाज येतो, तो याच प्रकारात.

टाकीचं झाकण काढून टॉर्च मारा. पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या काठाला टेकून आत उतरताना दिसलं, तर दोष वरचा, म्हणजे फ्लोटचा किंवा बॉलकॉकचा. पाणी काठाच्या बरंच खाली असूनही पॉटमध्ये धार दिसत असेल, तर दोष तळाचा. तिथे शंभर बॉलकॉक बदलले तरी फरक पडणार नाही.

डोळ्यांनी नक्की कळत नसेल तर?

टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करा आणि टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारा. अर्धा तास फ्लश करू नका. पातळी रेघेवरच राहिली, तर तळ चांगला आहे आणि दोष बॉलकॉककडे आहे. पाणी रेघेखाली गेलं, तर तळाचं रबर गळतंय. सुरुवातीला पाणी ओव्हरफ्लोच्या काठावर असेल, तर ते काठापर्यंत किंचित उतरून थांबेल. ती गळती नाही.

खात्रीसाठी टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून वीस मिनिटांनी पॉटमध्ये बघा. रंग दिसला की तळ गळतोय. पण ही चाचणी अँगल कॉक बंद ठेवूनच करा, नाहीतर रंगीत पाणी ओव्हरफ्लोवरून उतरेल आणि तुमची फसगत होईल. रंगाऐवजी हळद वापरू नका. ती सिरॅमिकवर आणि रबरावर डाग धरते.

दोष वरचा निघाला. आता फ्लोट की बॉलकॉक?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पाणी ओव्हरफ्लोवरून वाहत असताना हात घालून फ्लोट वर उचला, जिथवर सहज जाईल तिथवर. जोर लावू नका, बोटभर आधार पुरतो.

पाणी लगेच थांबलं, तर बॉलकॉकच्या आतला भाग चांगला आहे. फ्लोट त्याला पुरेसं वर ढकलत नाही, एवढाच दोष. मग फ्लोटची पातळी, फ्लोटचं वजन आणि फ्लोटला होणारा अडथळा या तीन गोष्टी बघायच्या.

फ्लोट पूर्ण वर धरूनही पाणी चालूच राहिलं, तर फ्लोटचा काही संबंध नाही. वायसर झिजलाय, त्याखाली कचरा बसलाय किंवा ज्या तोंडावर वायसर बसतो त्या तोंडालाच खाच पडली आहे. मग बॉलकॉक उघडावा लागेल.

कधीकधी हाताने उचलल्यावर धार कमी होते, पण थेंब थेंब चालूच राहतं. हेही वायसरचंच लक्षण आहे. अशा वेळी फ्लोटची पातळी खाली करून काही उपयोग होत नाही. पाणी थोडं उशिरा ओव्हरफ्लोला पोचतं, इतकंच.

पातळी किती असावी आणि ती कशी बदलायची?

पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाच्या साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर खाली थांबायला हवं. पुष्कळ टाक्यांच्या आतल्या बाजूला रेघ कोरलेली असते, तिथे थांबलं तरी ठीक.

जुन्या पद्धतीच्या बॉलकॉकला आडवी दांडी आणि टोकाला गोळा असतो. दांडी पितळेची असेल तर दोन्ही हातांनी धरून मधोमध किंचित खाली वाकवा. एक हात बॉलकॉकजवळ, दुसरा गोळ्याजवळ. एका हाताने गोळा दाबला तर सगळा ताण बॉलकॉकच्या सांध्यावर येतो आणि प्लास्टिकचा सांधा तडकतो. दांडी प्लास्टिकची असेल तर वाकवूच नका. तिला सांध्याजवळ स्क्रू असतो, तो फिरवा. उभ्या खांबासारख्या नव्या बॉलकॉकमध्ये फ्लोट म्हणजे खांबावर वरखाली सरकणारा डबा असतो. त्याच्या बाजूला लांब स्क्रू किंवा चिमटा असतो, त्याने पातळी बदलते.

एका वेळी थोडंच बदला, एक फ्लश करा, टाकी पूर्ण भरू द्या आणि मग बघा. घाईघाईत स्क्रू चार आटे फिरवून नंतर टाकी अर्धीच भरते म्हणून तक्रार करणारे मी पाहिलेत.

पातळी बरोबर आहे, तरी पाणी थांबत नाही. पण हाताने उचललं की थांबतं.

मग गोळा उतरवून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं, तर गोळ्याला बारीक चीर गेली आहे. पाणी भरलेला गोळा अर्धा बुडून राहतो आणि त्याची वर ढकलण्याची ताकद जाते. तो बदलायचाच, चिकटवून फार दिवस टिकत नाही. गोळा आट्यांवर बसवलेला असतो, त्यामुळे नुसता गोळाही मिळतो. फक्त जुना गोळा दुकानात सोबत न्या, आटे जुळायला हवेत.

गोळा हलका निघाला तर तो कुठे घासतोय का बघा. टाकीची मागची भिंत, फ्लशच्या दट्ट्याची कडी, ओव्हरफ्लो पाइप, यांपैकी कशालाही गोळा टेकला तर तो शेवटचा सेंटिमीटरभर चढत नाही. बॉलकॉकचं बाहेरचं नट सैल होऊन अख्खा बॉलकॉक थोडा फिरला की हे होतं. डब्यासारख्या फ्लोटमध्ये खांबावर क्षारांचा खडबडीत थर बसतो आणि डबा मध्येच अडकतो. बोअरचं पाणी असलेल्या इमारतींत हे फार दिसतं. खांब जुन्या टूथब्रशने घासला तरी बऱ्याचदा काम होतं.

आमच्याकडे पहिल्या मजल्यावर हा त्रास सारखा होतो, वरच्या मजल्यावर होत नाही. असं का?

पाण्याच्या दाबामुळे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तुमच्या नळापासून जितकं उंच, तितका दाब जास्त. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. प्लंबर नुसतं 'एक किलो प्रेशर' म्हणतात.

आमच्या इमारतीत सातव्या मजल्याची फ्लशची टाकी गच्चीवरच्या पाण्याखाली सुमारे ४ मीटर आहे, म्हणजे दाब ०.४ किलो. पहिल्या मजल्याची आणखी १८ मीटर खाली, म्हणजे २.२ किलो. बॉलकॉकच्या आतलं पाण्याचं भोक ५ मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ ०.२ चौरस सेंटिमीटर होतं. सातव्या मजल्यावर वायसरला ८० ग्रॅमइतका रेटा अडवायचा असतो, पहिल्या मजल्यावर सुमारे ४३० ग्रॅमइतका. दांडीच्या लांबीमुळे गोळ्यावर याचा थोडाच भाग येतो, पण पाचपटीचा फरक तसाच राहतो. म्हणून अर्धा पाणी भरलेला गोळा वर कसाबसा निभावून नेतो आणि तोच खाली हरतो.

प्रेशर पंप असलेल्या घरांत किंवा थेट पालिकेच्या लाइनवर असलेल्या घरांत हाच फरक वेळेप्रमाणे दिसतो. दिवसा टाकी थांबते, मध्यरात्री वाहते, कारण रात्री कुणी नळ उघडत नाही आणि लाइनमधला दाब चढतो. अशा टाकीची तपासणी पहाटे करा. दुपारी बघून 'काही दोष नाही' म्हणून निघून जाणाऱ्या प्लंबरची चूक नसते, त्या वेळी दोष खरंच दिसत नाही. आणि सगळे नळ बंद असताना प्रेशर पंप दर काही मिनिटांनी आपोआप चालू होत असेल, तर आधी फ्लशची टाकी बघा.

अँगल कॉक अर्धा बंद केला की वाहणं थांबेल ना? आमच्या प्लंबरने तसंच केलंय.

थांबणार नाही. पाणी वाहत असताना अर्धवट बंद कॉक दाब कमी करतो, हे खरं. पण बॉलकॉक बंद होत येतो तेव्हा पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि थांबलेल्या पाण्यात कॉकच्या अलीकडे पलीकडे दाब सारखाच होतो. वायसरवर शेवटी पूर्ण दाब येतोच. गळती तितकीच राहते आणि टाकी भरायला मात्र दुप्पट वेळ लागू लागतो. कितीतरी घरांत 'टाकी हळू भरते' या तक्रारीचं मूळ असंच आधीच्या गळतीवर केलेल्या तात्पुरत्या इलाजात सापडतं. कॉक पूर्ण उघडून मग तपासायला लागा.

टाकी भरायला दहा-बारा मिनिटं लागतात. कुठून सुरुवात करू?

आधी किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. मग अडथळा बॉलकॉकमध्ये आहे की त्याच्या आधी, हे ठरवा. अँगल कॉक बंद करा, टाकीकडची कनेक्शन नळी सोडा, तिचं तोंड बादलीत धरा, कॉक पूर्ण उघडा आणि एक लिटर भरायला किती सेकंद लागतात ते बघा.

नळीतून पाणी जोरात आलं आणि टाकी मात्र हळू भरत असेल, तर अडथळा बॉलकॉकमध्ये. नळीतूनच पाणी बारीक येत असेल, तर कॉक, नळी किंवा वरची लाइन यांपैकी काहीतरी तुंबलंय आणि बॉलकॉकला हात लावण्याची गरज नाही. जेट स्प्रे आणि टाकी एकाच टू-वे अँगल कॉकवर असतील, तर दोन्ही तपासा. स्प्रे जोरात आणि टाकीची नळी बारीक, म्हणजे कॉकच्या त्या एका बाजूला गाळ बसलाय.

बॉलकॉकमध्ये अडथळा असला तर तो कुठे सापडतो?

बहुतेक वेळा जाळीत. बॉलकॉकची शेपटी, म्हणजे टाकीच्या बाहेर येणारा आट्यांचा भाग, तिच्या तोंडात प्लास्टिकची छोटी जाळी बसवलेली असते. अनेकांना ती असते हेच माहीत नसतं. कनेक्शन नळी सोडल्यावर ती दिसते. बारीक पक्कडीने हळूच ओढा, वाहत्या पाण्याखाली उलट बाजूने धुवा. क्षार असतील तर अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबू सत्त्व विरघळवून तासभर बुडवून ठेवा, मग घासा.

जाळी फेकून देऊ नका. पाणी जोरात यावं म्हणून काढून टाकतात, आणि मग जाळी जी वाळू अडवत होती ती सरळ वायसरखाली जाते. पुढच्याच महिन्यात टाकी वाहू लागते.

संडास साफ करायचं ॲसिड या कामाला अजिबात वापरू नका. ते रबर आणि पितळ दोन्ही खातं, आणि बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफा फुप्फुसाला घातक असतात.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का?

मे महिन्यात आमच्याकडे पावसाळ्याआधी गच्चीवरच्या टाक्या धुतल्या. दोन दिवसांत सातव्या मजल्यावरच्या एका काकूंचा फोन आला. त्यांची टाकी आधी दोन मिनिटांत भरायची, आता अकरा मिनिटं लागत होती. टाकी ८ लिटरची, म्हणजे मिनिटाला ४ लिटरवरून पाऊण लिटरच्याही खाली. काकूंनी आधीच नवा बॉलकॉक आणून ठेवला होता.

मी नळी सोडून बादलीत धरली. एक लिटर आठ सेकंदांत भरलं, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. लाइन उत्तम होती. जाळी काढली तर तिच्यात बारीक वाळू आणि पांढऱ्या प्लास्टिकचे तूस. टाकी धुताना तळचा गाळ ढवळला गेला होता आणि तो लाइनमध्ये उतरला होता. जाळी धुऊन बसवली. भरायला दोन मिनिटं दहा सेकंद लागले. नवा बॉलकॉक परत करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: आता पाणी थांबतच नाही. गेलो, पाणी ओव्हरफ्लोवरून सुतासारखं उतरत होतं. गोळा उचलला, धार बारीक झाली पण थांबली नाही. म्हणजे वायसर. चूक माझीच होती. जाळी काढल्यावर नळी जोडण्याआधी मी कॉक उघडून नळीतलं घाणेरडं पाणी बादलीत सोडायला हवं होतं, आणि जाळी हलताना शेपटीत पडलेली वाळूही धुऊन काढायला हवी होती. बॉलकॉक उघडला तर वायसरच्या रबरात वाळूचा एक कण रुतलेला आणि त्याभोवती चंद्रकोरीसारखी खाच. कण काढून वायसर उलटा करून बसवला, मागची बाजू अजून कोरी होती. पाणी थांबलं. पुढच्या रविवारी नवा वायसर घातला.

त्यानंतर टाक्या धुण्याच्या दिवशी सगळ्यांना मी एक विनंती करतो. पाणी सुरू झाल्यावर आधी बाथरूमचा खालचा नळ दोन-तीन मिनिटं उघडा ठेवा आणि तोवर फ्लशचा अँगल कॉक बंद ठेवा.

वायसर कसा बदलायचा?

अँगल कॉक बंद करून फ्लश करा म्हणजे टाकी रिकामी होईल. पॉटचं झाकण लावा, नाहीतर पिन हमखास आत पडते. दांडी ज्या पिनेवर हलते ती पिन पक्कडीने सरळ करून काढा, दांडी बाजूला ठेवा. आता छोटा पिस्टन बाहेर सरकतो. त्याच्या टोकाला वायसर असतो, काही पिस्टनना टोपी असते आणि ती उघडल्यावर वायसर मिळतो.

नवा वायसर त्याच व्यासाचा आणि त्याच जाडीचा हवा. जाड वायसर घातला तर टाकी लवकर बंद होते आणि पाणी बारीक येतं. पातळ घातला तर बंदच होत नाही. पिस्टन बसवण्याआधी ज्या तोंडावर वायसर टेकतो त्या तोंडाची कड नखाने फिरून बघा. नख कुठे अडकलं, तर तिथे खाच आहे, आणि मग नवा वायसरही महिनाभरात कापला जाईल. पितळेच्या चांगल्या बॉलकॉकमध्ये हे तोंड बदलता येतं. साध्या प्लास्टिकच्या बॉलकॉकमध्ये मात्र अख्खा बॉलकॉक बदलावा.

आमच्या बॉलकॉकला पिस्टन नाही, वर गोल टोपी आहे.

तो पडद्याचा बॉलकॉक. टोपीखाली रबराचा पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बारीक भोकातून पाणी मागच्या बाजूला जातं, तिथे दाब साठतो आणि तोच दाब पडद्याला तोंडावर दाबून पाणी बंद करतो. फ्लोट फक्त मागची बारीक वाट उघडझाप करतो. म्हणून याला फ्लोट लहान चालतो.

या रचनेमुळे लक्षणांचा अर्थ थोडा वेगळा लागतो. पडद्यातलं भोक गाळाने बुजलं की मागे दाब साठत नाही, म्हणजे टाकी वाहत राहते. पडदा फाटला तरी हेच. उलट, फ्लोटने उघडायची मागची वाट बुजली तर साठलेला दाब सुटत नाही, पडदा पुरता उचलत नाही आणि टाकी हळू भरते. आत सुईने टोचण्याऐवजी टोपी पाव फेरी फिरवून उघडा, पडदा बाहेर काढून धुवा. मग उघड्या बॉलकॉकवर स्टीलचा पेला उलटा धरा आणि अँगल कॉक पाच सेकंद थोडासा उघडा. शेपटीतला कचरा उडून पेल्यावर आदळतो आणि टाकीत पडतो. पेला नसेल तर पाणी छतापर्यंत उडतं.

फ्लोट हाताने उचलण्याची परीक्षा इथेही चालते, फक्त पाणी थांबायला दोन-तीन सेकंद द्या. मागे दाब साठायला तेवढा वेळ लागतो. आणि वरच्या मजल्यावर, जिथे दाब फार कमी असतो, असा बॉलकॉक नवा असूनही कधीकधी घट्ट बंद होत नाही. विकत घेताना त्याच्या कागदावर किमान दाब किती हवा ते वाचा. गच्चीखालच्या घरात मी साधा दांडीचा बॉलकॉकच सुचवतो.

गळती किती होते हे मोजता येतं का?

येतं. झाकण काढून टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. साधारण ३६ बाय १३ सेंटिमीटरची टाकी असेल तर एक सेंटिमीटर उंचीत सुमारे ४७० मिलिलिटर पाणी मावतं. फ्लश करा, टाकी भरू द्या. फ्लोट वर आल्यावर, म्हणजे पाणी थांबायला हवं त्या पातळीला रेघ मारा, आणि तिथून एक सेंटिमीटर चढायला किती वेळ लागतो ते बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या काठाला पोचण्याआधी हे मोजायचं.

चार मिनिटं लागली, तर तासाला सुमारे ७ लिटर आणि दिवसाला जवळजवळ १७० लिटर वाया जातात. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं धरून पाणीपुरवठ्याच्या योजना आखतात. म्हणजे सुतासारखी ती धार घरातल्या एका माणसापेक्षा जास्त पाणी पिते. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा हिशोब सभेत मांडला की लोक झाकण उघडून बघतात, हा माझा अनुभव.

टाकीत निळी वडी टाकली तर चालते का?

मी टाकत नाही. क्लोरीन असलेल्या वड्या साठलेल्या पाण्यात विरघळत राहतात आणि वायसर, पडदा, तळाचं रबर कडक करून टाकतात. पॉटच्या कडेला अडकवायच्या वड्या टाकीतल्या रबराला लागत नाहीत, त्या चालतील.

अँगल कॉक फिरतच नाही. काय करू?

जोर लावू नका. क्षार बसलेला जुना कॉक पाना लावून फिरवला की आतली दांडी तुटते, किंवा भिंतीतला सांधाच हलतो आणि पाणी थांबवायला काही उरत नाही. त्याऐवजी गच्चीवर तुमच्या डक्टचा वाल्व बंद करा, शेजाऱ्यांना आधी सांगा, आणि आधी अँगल कॉकच बदलून घ्या. तोवर तात्पुरतं पाणी थांबवायचं असेल तर टाकीवर आडवी काठी ठेवून गोळा दोरीने वर बांधा. दोष फ्लोटचा असेल तर पाणी थांबेल. वायसरचा असेल तर थांबणार नाही.

नवा बॉलकॉक घ्यायचाच असेल तर काय बघू?

जुना काढून सोबत न्या. अर्ध्या इंचाची शेपटी जवळजवळ सगळीकडे असते, पण ती बाजूने जाणारी आहे की खालून, आणि तिची लांबी किती, यात गोंधळ होतो. खालून जाणारा उभा बॉलकॉक टाकीच्या उंचीत बसतो का तेही मोजा, झाकणाला टेकला तर फ्लोट अडकतो.

बसवताना टाकीच्या आतल्या बाजूला रबराचा वायसर येतो, पाणी तोच अडवतो. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची गरज नाही. बाहेरचं प्लास्टिकचं नट हाताने घट्ट करून वर पाव फेरीच पाना लावा आणि तेव्हा आतून बॉलकॉक हाताने धरून ठेवा, नाहीतर तो फिरून गोळा भिंतीला टेकतो. जास्त आवळलं तर सिरॅमिक टाकी तडकते, आणि ती तडक भरून निघत नाही.

भिंतीतली टाकी असेल तर?

तत्त्व तेच, पण हात पोचायला दट्ट्याची पाटी काढावी लागते आणि आतला बॉलकॉक बहुतेक वेळा पडद्याचाच असतो. पाटी काढून आत टॉर्च मारणं आणि पाणी ओव्हरफ्लोवरून जातंय की तळातून, एवढं बघणं घरी करता येतं. आतले भाग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि सुटा भाग भिंतीमागे पडला तर काढणं कठीण. म्हणून तिथे त्याच कंपनीच्या माणसाला बोलवा आणि 'फ्लोट उचलल्यावर पाणी थांबतं' किंवा 'थांबत नाही' हे फोनवरच सांगा, म्हणजे तो योग्य भाग सोबत घेऊन येईल.